वारशाने आलेलं कोलेस्टेरॉल: नात्यातल्या कुणाकुणाला तपासायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वय 41, गाव सांगलीजवळ, नोकरीला पुण्यात. गेल्या महिन्यात छातीत दुखायला लागलं म्हणून ॲडमिट झालो, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. सिगारेट नाही, तंबाखू नाही, शुगर नाही, वजन 66 किलो. तिसऱ्या दिवशी काढलेल्या रिपोर्टमध्ये एलडीएल 151 होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, फार काही नाही, गोळी चालू ठेवा.

टाके-बिके सगळं आवरल्यावर दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी आधी जुने कागद मागितले. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या चेकअपला एलडीएल 268 आलं होतं. तो कागद मी फाइलला लावला आणि विसरलो. मग त्यांनी वडिलांचं विचारलं. वडील 48 व्या वर्षी शेतातून आले, ओट्यावर टेकले आणि तिथेच गेले. शेवटी डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून उलटं बसवलं आणि टाचेमागची शीर दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत चाचपली. दोन्ही पायांची शीर जाड आहे, मधे खडबडीत लागते. मी इतकी वर्षं बुटामुळे झालंय असं समजत होतो.

निदान: एफएच, म्हणजे वारशाने येणारं फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया. शिवाय लायपोप्रोटीन ए, म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा रक्तातला आणखी एक कण, 118 मिलिग्रॅम. "रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना तपासा" असं सांगितलंय.

मी यादी केली. काका, त्यांची दोन मुलं, आजोबांच्या दोन भावांची मुलं-नातवंडं आणि माझी दोन मुलं. अकरा नावं झाली. यादी बरोबर आहे का? आणि आई म्हणते, भावकीत एका मुलीचं लग्न ठरायचंय, गवगवा करू नकोस. काय करावं?

आरोग्यमित्र_74

लवकर बरे व्हा. अनुवंशिक असलं तरी आहारावर बरंच अवलंबून असतं. तूप, अंडी, शेंगदाणे बंद करा, रोज पाच किलोमीटर चाला, सहा महिन्यांत खाली येईल. तपासणी चाळिशीच्या पुढच्यांचीच करा, लहान मुलांना उगाच सुया कशाला? आणि हो, ज्याचं एलडीएल जास्त येईल त्याचं थायरॉइड नक्की बघा. माझ्या बायकोचं 210 होतं, थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर 120 वर आलं.

निवृत्त_फिजिशियन

कृष्णाकाठ, तुमच्या कार्डिओलॉजिस्टनी केलं ते फार थोडे जण करतात. त्यांनी जुना कागद मागितला आणि पाय हातात घेतला. हार्ट अटॅकनंतर एक-दोन दिवसांत एलडीएल आपोआप उतरतं, त्यात ॲडमिट होताच स्टॅटिन सुरू झालेली असते. त्यामुळे तिसऱ्या दिवसाचं 151 हे तुमचं खरं एलडीएल नव्हतंच. खरं एलडीएल 268 हे होतं.

या आजारासाठी नेदरलँड्समध्ये तयार झालेला गुणांचा एक तक्ता आम्ही वापरतो. 250 ते 329 मधल्या एलडीएलला 5 गुण. पंचावन्नच्या आत हृदयविकार झालेल्या पुरुषाला 2. वडिलांचाही तसाच लवकर झाला म्हणून 1. झाले 8, आणि 8 गुणांना तक्ता म्हणतो "बहुधा". टाचेच्या शिरेत साठलेल्या कोलेस्टेरॉलला एकट्यालाच 6 गुण आहेत. ते धरले की 14 होतात आणि निदान पक्कं होतं. म्हणजे "बहुधा"चं "नक्की" झालं ते त्या दोन बोटांमुळे.

आरोग्यमित्रांचं थायरॉइडचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ते विसरू नका. लघवीवाटे प्रथिनं जात असतील किंवा पित्ताचा मार्ग अडला असेल तरी एलडीएल चढतं. पण चाळिशीचा मुद्दा इथे चालणार नाही. एफएचमध्ये एलडीएल जन्मापासून चढलेलं असतं. चाळिशीपर्यंत थांबायचं म्हणजे कृष्णाकाठ यांचं जे झालं ते होईपर्यंत थांबायचं. पथ्याने थोडं उतरतं, पण 268 चं 100 होत नाही. लिव्हरच्या पेशीवर रक्तातलं एलडीएल उचलून घेणारी ग्राहकं असतात, ती यात जन्मतः निम्मीच काम करतात. गोल्डस्टीन आणि ब्राउन यांनी हे उलगडलं आणि त्यांना 1985 चं नोबेल मिळालं.

आता यादी. तुमच्या अकरा नावांत एकही बाई दिसत नाही, मुलगी सोडली तर. बहीण नाही का तुम्हाला? आत्या?

कृष्णाकाठ

आहेत की. एक ताई, वय 43. वडिलांना दोन बहिणी, मोठी आत्या 72 ची आहे, धाकटी 57 व्या वर्षी झोपेतच गेली. पण त्या सगळ्या दिल्या घरच्या, म्हणून मी आपल्या घराण्याची म्हणून यादी केली. आमच्याकडे छापलेली वंशावळ आहे, तीच समोर ठेवली होती. तिच्यात लेकींची नावंच नाहीत.

निवृत्त_फिजिशियन

तिथेच चुकलं. हा दोष आडनाव बघत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असेल तर प्रत्येक अपत्याला, मग मुलगा असो की मुलगी, तो मिळायची शक्यता निम्मी. लेक लग्न होऊन गेली तरी दोष तिच्याबरोबर जातो आणि तिच्या मुलांत उतरतो.

दुसरी गोष्ट, सगळ्यांना एकदम तपासायचं नसतं. पायरी-पायरीने जायचं. ज्याच्यात सापडला त्याचे आईवडील, भावंडं आणि मुलं एवढीच पहिली पायरी. त्यांच्यातल्या ज्याच्यात सापडेल त्याच्यापासून पुढची पायरी. ज्याच्यात नाही तिथे ती फांदी संपली, त्याच्या मुलांना या कारणासाठी टोचायची गरज नाही.

तुमची पहिली पायरी ताई आणि तुमची दोन मुलं. आईचंही एकदा करून घ्या. वडील नाहीत, पण टाचेची शीर आणि त्यांचं वय बघता दोष त्यांच्याकडून आलेला दिसतो, म्हणून त्यांची भावंडं म्हणजे काका आणि मोठी आत्या यांना आत्ताच बोलवा. आजोबांच्या भावांची मुलं-नातवंडं सध्या बाजूला ठेवा. ती घ्यायची की नाही हे आजोबा आणि आजी यांपैकी कुणाकडून आलं त्यावर ठरेल. धाकट्या आत्यांना मुलं आहेत का? त्या 57 ला गेल्या, बाईमाणसाचा साठीच्या आतला हृदयविकार आम्ही लवकरचाच धरतो.

श्रद्धा_अहिल्यानगर

माझ्या मिस्टरांचं ट्रायग्लिसराइड 480 आहे, एलडीएल 104, लिव्हरवर चरबी आहे. हाच आजार का? मुलांनाही तपासू का?

निवृत्त_फिजिशियन

नाही, श्रद्धाताई. एफएचमध्ये एलडीएल चढतं, ट्रायग्लिसराइड बहुतेक वेळा ठीक असतात. तुमच्या मिस्टरांची शुगर, पोटाचा घेर आणि दारू असेल तर ती बघा. वेगळा धागा काढलात तर तिथे बोलू, इथे गल्लत होईल.

कृष्णाकाठ

डॉक्टर, धाकट्या आत्याचा एकुलता एक मुलगा म्हणजे आमचे दाजीच. ताईला आतेभावालाच दिलीय. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क मानतात, तसं ते लग्न झालं. त्यांना दोन मुलं, भाचा 14 चा आणि भाची 8 वर्षांची.

निवृत्त_फिजिशियन

मग ताई, दाजी आणि दोन्ही मुलं यांची तपासणी या आठवड्यातच करा. घाबरवत नाही, पण कारण सांगतो. ताई आणि दाजी दोघांकडेही तोच दोष असेल तर प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून मिळायची शक्यता चारात एक. दोन्हीकडून मिळालेल्या मुलाचं एलडीएल 400, 500 च्या पुढे असू शकतं, आणि त्याचं हृदय चाळिशीची वाट बघत नाही. भाचीच्या आणि भाच्याच्या अंगावर कुठे पिवळसर गाठी आहेत का, ते ताईंना विचारा. कोपर, गुडघे, बसायची जागा, बोटांच्या बेचक्या.

उपाशीपोटीच पाहिजे असा आग्रह धरू नका, एलडीएलसाठी साधा लिपिड प्रोफाइल पुरतो.

उत्रेख्तकर

मी नेदरलँड्समध्ये राहते, माझे सासरे डच. त्यांच्यात 2003 च्या सुमारास हे सापडलं तेव्हाची गोष्ट सांगते. तिथे 1994 ते 2014 अशी वीस वर्षं सरकारी पैशातून ही शोधमोहीम चालली. सासऱ्यांची परवानगी घेऊन एक बाई घरी आली, टेबलावर मोठा कागद पसरला आणि सासूबाईंच्या हातची कॉफी पीत तीन पिढ्यांचा वृक्ष काढला. मग त्या लोकांशी संपर्क साधून घरी जाऊनच रक्त घेतलं. सासऱ्यांच्या एका मावसभावाशी वीस वर्षं बोलणं नव्हतं, त्याच्यातही सापडलं. त्या बाईच नसत्या तर त्याला कुणी सांगितलंच नसतं.

आता तिथेही रुग्णाच्या हातात पत्र देतात आणि ते नातेवाइकांना द्यायला सांगतात. आपल्याकडे कुणी घरी येणार नाही, म्हणून मी सुचवेन की तुमच्या डॉक्टरांकडून एक पानी पत्र घ्या. त्यावर तुमचं निदान, उपचाराआधीचं एलडीएल आणि "हे पत्र आणणाऱ्याचं लिपिड प्रोफाइल करावं" एवढंच असावं. नातेवाईक ते त्यांच्या गावच्या डॉक्टरांना दाखवतील. नाहीतर "बारीक आहेस, तुला कशाला" म्हणून परत पाठवतात.

सिरम_आणि_स्लाइड

मी नाशिकला लॅबमध्ये आहे. लायपोप्रोटीन एबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण रोज गोंधळ बघतो.

पहिली, एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. 50 मिलिग्रॅमच्या वर किंवा 125 नॅनोमोलच्या वर जास्त धरतात. पण एका आकड्याला गुणून दुसरा काढता येत नाही, कारण हा कण प्रत्येक घराण्यात लहान-मोठा असतो. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ रडकुंडीला आले होते, भावाचं 60 आणि माझं 140. भावाचं मिलिग्रॅममध्ये होतं, यांचं नॅनोमोलमध्ये. दोघांचं जवळपास सारखंच निघावं. घरातल्या सगळ्यांचं एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा.

दुसरी, या कणातही कोलेस्टेरॉल असतं आणि ते रिपोर्टमधल्या एलडीएलच्या आकड्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे लायपोप्रोटीन ए खूप जास्त असेल तर एलडीएल फुगलेलं दिसतं, आणि कधीकधी एफएच नसताना एफएच वाटतं. कृष्णाकाठ यांच्या 268 मध्ये मात्र ते वजा करूनही भरपूर उरतं.

पण_का

स्पष्ट विचारतो. लायपोप्रोटीन ए पथ्याने उतरत नाही, चालण्याने नाही, स्टॅटिनने उलट किंचित वाढतं म्हणतात. मग धडधाकट माणसाला ते मोजून काय मिळणार? रात्रीची झोप जाणार एवढंच.

निवृत्त_फिजिशियन

तुमचं पहिलं वाक्य खरं आहे. फक्त त्यासाठीची मोठी औषधं अजून चाचण्यांत आहेत. तरी मी मोजतो, आणि आयुष्यात एकदाच मोजतो, कारण हा आकडा नव्वद टक्के वारशाने ठरलेला असतो आणि लहानपणीच स्थिरावतो. भारतीयांत साधारण चारातल्या एकाचा 50 च्या वर असतो. ज्याचा जास्त त्याचं एलडीएल, बीपी, तंबाखू यांत मी सवलत देत नाही. 130 एलडीएलला इतरांना "बघू" म्हणेन, त्याला गोळी देईन.

पण_का

म्हणजे चारातल्या एकाला गोळी. मला पटलं नाही, पण तुमचं म्हणणं समजलं. ॲस्पिरिनचं काय? काही जण लायपोप्रोटीन ए बघून ॲस्पिरिनही सुरू करतात.

निवृत्त_फिजिशियन

हृदयविकार झालेला नाही अशा माणसाला केवळ या आकड्यावरून ॲस्पिरिन द्यावी का, यावर आमच्यातच एकमत नाही. रक्तस्रावाचा धोका तोलावा लागतो. मी सरसकट देत नाही, माझे एक मित्र देतात.

दोन_वेण्या

लहान मुलांच्या सुयांवरून लिहिते. माझ्या मुलीचं नवव्या वर्षी केलं, तिच्या बाबांना एफएच आहे म्हणून. एलडीएल 197. थायरॉइड बघितलं, दोन महिन्यांनी परत केलं, 203. दहाव्या वर्षी स्टॅटिन सुरू झाली. मी महिनाभर गोळीची पट्टी हातात धरून बसायचे, देऊ की नको. मग डॉक्टरांनी नेदरलँड्समधला एक अभ्यास दाखवला. 214 मुलांना लहानपणी स्टॅटिन सुरू केली आणि वीस वर्षं पाठपुरावा केला. वयाच्या 39 पर्यंत त्यांच्यातल्या 1 टक्क्याला हृदयविकार झाला, आणि त्याच वयापर्यंत त्यांच्या एफएच असलेल्या आईबापांतल्या 26 टक्क्यांना. त्या आईबापांना लहानपणी औषध मिळालं नव्हतं. त्या दिवसापासून मी गोळी चुकवलेली नाही. आता ती बारा वर्षांची आहे, उंची-वजन सगळं वर्गातल्या मुलींसारखं.

एक गोष्ट मला उशिरा कळली: वयात येताना एलडीएल थोडं उतरतं, त्यामुळे तेरा-चौदाला केलेली तपासणी फसवू शकते. त्याच्या आधी करा.

कृष्णाकाठ

(नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आले. सावकाश लिहितो.

माझा मुलगा, वय 12: एलडीएल 181. मुलगी, वय 9: 96. ताई 239, दाजी 226. भाचा 98. काका 102, म्हणजे त्यांची दोन्ही मुलं यादीतून गेली.

भाची 534.

फोन केला तेव्हा ताई म्हणाली, अरे गाठी आहेत की. कोपरावर दोन, गुडघ्याच्या मागे आणि बसायच्या जागी पिवळसर, हरभऱ्याएवढ्या. दोन वर्षांपासून आहेत. एका ठिकाणी चामखीळ म्हणून जाळल्या, परत आल्या. दुसरीकडे मलम दिलं. रक्त कुणीच बघितलं नाही. ताई रडत होती, मी तिला काय सांगू कळेना.

मोठ्या आत्याचं 204 आलं, पण टीएसएच 22 आहे. आईचं एलडीएल 119.

लायपोप्रोटीन ए सगळ्यांचं एकाच लॅबमध्ये केलं. आई 97. ताई 11. मुलगा 9. मुलगी 104. म्हणजे एफएच नसलेल्या मुलीत हे आलं आणि एफएच असलेल्या मुलात नाही. हे कसं?

निवृत्त_फिजिशियन

आधी भाची. मोठ्या शहरात लिपिडचं काम करणारे बालहृदयरोगतज्ज्ञ गाठा, वाट बघू नका. एको लागेल, कारण दोन्हीकडून दोष आलेल्या मुलांत एओर्टिक व्हॉल्व्हवर आणि त्याच्या लगेच वरच्या भागात कोलेस्टेरॉल साठतं. स्टॅटिन आणि इझेटिमाइब सुरू करतील. स्टॅटिन ग्राहकांची संख्या वाढवून काम करते आणि हिच्या ग्राहकांत कितपत दम आहे ते माहीत नाही, म्हणून तेवढ्याने भागणार नाही असं धरून चला. पुढे मशिनवर रक्तातलं एलडीएल गाळून काढायची सोय लागू शकते. भाचीची जनुक तपासणी मात्र करा, औषध कोणतं चालेल ते त्यावर ठरतं. बाकी मोठ्यांना जनुक तपासणी नाही केली तरी अडत नाही, एलडीएलवर वंशावळ चालवता येते. आणि ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही, बऱ्याच पक्क्या रुग्णांत आजच्या तपासणीला दोष सापडतच नाही.

त्या गाठींवर आता कुणी हात लावू देऊ नका. एलडीएल उतरलं की त्या हळूहळू बसतात.

ताईंना सांगा की ही त्यांची चूक नाही, आणि भाच्याची फांदी मोकळी आहे. त्याला ना आईकडून मिळाला ना वडिलांकडून.

मोठ्या आत्यांचं आत्ता काहीच म्हणू नका. टीएसएच 22 असताना 204 हे थायरॉइडचंही असू शकतं. गोळी सुरू करा, टीएसएच जागेवर आल्यावर परत करा. तोपर्यंत त्यांची मुलं थांबली तरी चालेल, मात्र कुणाच्या छातीत दुखत असेल तर थांबू नका.

मुलाचं थायरॉइड बघून एकदा परत करा. आईवडिलांपैकी एकाला एफएच आणि मुलाचं 160 च्या वर, म्हणजे जवळपास ठरल्यातच जमा.

आता तुमचा प्रश्न. हे दोन वेगळे धागे आहेत. एफएचचं जनुक बहुतेकांत एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं, लायपोप्रोटीन एचं सहाव्यावर. प्रत्येक मुलासाठी दोन नाणी वेगवेगळी उडतात. तुमचं एफएच वडिलांकडून आलं, लायपोप्रोटीन ए आईकडून. म्हणून त्याचा शोध घ्यायला वडिलांच्या भावकीत नाही, आईच्या माहेरी जायचं. मामा-मावशी आहेत?

कृष्णाकाठ

मामा आहेत. त्यांचा 63 व्या वर्षी व्हॉल्व्ह बदलला, आकसला होता म्हणाले. मुंबईला झालं ऑपरेशन.

निवृत्त_फिजिशियन

कोणता व्हॉल्व्ह ते विचारा. एओर्टिक असेल तर लायपोप्रोटीन ए जास्त असण्याशी त्याचा संबंध असतो. मामांचं आणि त्यांच्या मुलांचं एकदा मोजून घ्या.

आरोग्यमित्र_74

मी वर मुलांना सुया कशाला असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. भाचीसाठी प्रार्थना करतो.

सिरम_आणि_स्लाइड

एक सांगायचं राहिलं. नातेवाइकांपैकी कुणी आधीच स्टॅटिन घेत असेल तर तपासणीसाठी ती बंद करू नका. लोक असं करतात, आणि हे धोक्याचं आहे. जुना रिपोर्ट शोधा. नसेलच तर औषधाचं नाव आणि डोस लिहून डॉक्टरांना द्या. ॲटोरव्हास्टॅटिन 40 साधारण निम्म्यावर आणते, म्हणजे गोळीवर 130 असेल तर मूळ 260 च्या आसपास असावं, असा अंदाज करता येतो.

माहेरवाशीण

लग्नाच्या मुद्द्यावर कुणी बोललंच नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न "घरात हार्टचं आहे" म्हणून मोडलं होतं. त्यामुळे कृष्णाकाठच्या आईची भीती मला खोटी वाटत नाही. सांगायचंच, पण व्हॉट्सअपच्या भावकी ग्रुपवर टाकायचं का? मी तरी एकेकाला वेगळा फोन केला असता.

उत्रेख्तकर

हे पटतं. डच बाईसुद्धा एकाचा निकाल दुसऱ्याला सांगत नसे. "तुमच्या एका नातेवाइकात हे सापडलंय" एवढंच म्हणत असे.

कृष्णाकाठ

ग्रुपवर नाही टाकलं. असं लिहून एकेकाला पाठवतोय, बघा ठीक आहे का:

"नमस्कार. मला 41 व्या वर्षी हार्ट अटॅक आला. कारण जन्मापासूनचं जास्त एलडीएल आहे, आणि ते रक्ताच्या नात्यात निम्म्यांना असू शकतं. खाण्यापिण्याशी किंवा जाडीशी याचा संबंध नाही. साध्या लिपिड प्रोफाइलने कळतं आणि गोळीने आटोक्यात राहतं. सोबत डॉक्टरांचं पत्र आहे, ते दाखवून स्वतःचं करून घ्या. मोठ्यांचं एलडीएल 190 च्या वर किंवा मुलांचं 160 च्या वर आलं तर मला फोन करा. तुमचा रिपोर्ट मी कुणाला दाखवणार नाही."

आई अजून नाराज आहे. पण आजीच्या माहेरचा पत्ता तिनेच काढून दिला.

निवृत्त_फिजिशियन

पत्र उत्तम आहे. फक्त विशी-तिशीतल्या जवळच्या नातेवाइकाचं 170 आलं तरी फोन करा असं घाला. 190 हा आकडा अनोळखी माणसासाठी आहे, एफएचच्या घरातल्या तरुणाला तो उंच पडतो. आणि कुणी बाई दिवस राहायच्या विचारात असेल तर स्टॅटिनबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं, हेही लिहा.

आजीच्या माहेरचं का, ते इतरांना सांगता का?

कृष्णाकाठ

सांगतो. वडील आणि धाकटी आत्या दोघांकडेही दोष होता, म्हणजे तो आजोबा किंवा आजीकडून आला. आजोबा 84 पर्यंत जगले, शेवटपर्यंत शेतात जात होते. आजी 52 व्या वर्षी भांगलणीला गेली असताना पडली आणि गेली. घरात "ऊन लागलं" असंच सांगायचे. वंशावळीत आजीचं नाव आहे, पुढे फक्त "माहेर जत तालुका" एवढंच.

काल आजीच्या भावाच्या नातवाला फोन लावला. आमची आयुष्यात कधी गाठ नाही. आधी त्याला वाटलं जमिनीचं काहीतरी काढलंय. मग मी एलडीएल म्हणाल्यावर तो गप्प झाला. वय 36, पोलीस भरतीनंतरच्या मेडिकलचा कागद त्याच्याकडे होता, तो त्याने फोनवरच वाचून दाखवला: 247. त्याचे वडील 50 ला गेलेत. भावंडं चार, आणि दोन आत्या विजापूरकडे दिलेल्या. पत्र त्याला पाठवलं, रविवारी मी आणि दाजी जतला जातोय.

भाचीचा एको सोमवारी आहे. आत्याची थायरॉइडची गोळी सुरू झाली, सहा-आठ आठवड्यांनी परत रक्त. मामांचा फोन अजून लागला नाही.